व्हॅनिलीन आणि व्हिनेगर: वासाचा उंबरठा घरच्या घरी कसा मोजायचा

व्हिनेगरच्या बाटलीचं बूच काढलं की मान आपोआप मागे जाते. व्हॅनिलीनची पूड मात्र नाकाशी धरली तरी शांत, गोडसर वाटते. म्हणून नव्या माणसाला विचारलं, की पाण्यात कमीत कमी घातल्यावर या दोघांपैकी कोण आधी कळेल, तर उत्तर बहुधा व्हिनेगर असं येतं. प्रत्यक्षात ते उलट आहे, आणि तेही हजारेक पटींनी. मी कुपवाडच्या बाजूला एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात चव आणि वास तपासणाऱ्या टेबलावर नव्या मुलामुलींना तयार करतो. त्यांना पहिल्यांदा हीच चाचणी करायला लावतो. खाली दिलेली रीत त्याच चाचणीची आहे. घरी करायला अवघड नाही, फक्त घाई चालत नाही.

आधी आपण नक्की काय मोजणार ते ठरवू. एखाद्या पदार्थाची इतकी कमी मात्रा, की साधं पाणी आणि तो पदार्थ घातलेलं पाणी यांतला फरक साधारण निम्म्या लोकांना जेमतेम कळू लागतो, ती त्या पदार्थाची उंबरठा-मात्रा. इथे ‘काहीतरी वेगळं आहे’ एवढंच कळायला हवं. ‘हा व्हॅनिलाच’ असं नाव घेता येण्यासाठी मात्रा आणखी वाढवावी लागते, तो ओळखीचा उंबरठा. पुस्तकात दोन ठिकाणी एकाच पदार्थाचे दोन आकडे दिसले तर पुष्कळदा एक फरक कळण्याचा असतो आणि दुसरा ओळखीचा.

सामान

व्हॅनिलीन शुद्ध हवं, आणि इथेच बहुतेकांची पहिली गडबड होते. केकच्या सामानाच्या दुकानात ‘व्हॅनिला पावडर’ म्हणून जे मिळतं त्यात साखर किंवा स्टार्च मिसळलेला असतो. पातळ इसेन्समध्ये व्हॅनिलीन किती आहे ते बाटलीवर बहुधा लिहिलेलं नसतं. दोन्हींवरून आकडा काढता येत नाही. बेकरीला कच्चा माल पुरवणारे किंवा प्रयोगशाळेची रसायनं विकणारे दुकानदार शुद्ध व्हॅनिलीन सुटं देतात. सांगलीत गणपती पेठेकडे चौकशी करायला हरकत नाही. लेबलवर ‘इथाइल व्हॅनिलीन’ असेल तर घेऊ नका. तो वेगळा रेणू आहे आणि त्याचा वास व्हॅनिलीनपेक्षा जोरदार असतो.

व्हिनेगर साधं, पांढरं, ४ टक्के ॲसेटिक ॲसिडचं. सफरचंदाचं नको. त्याला रंग असतो, आणि ॲसिडबरोबर इतरही वास असतात.

यांशिवाय ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज (सुई नको), मोजपात्र, आणि एकसारखे काचेचे ग्लास लागतील. प्लॅस्टिकचे ग्लास अजिबात वापरू नका. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं आणि स्वतःचाही देतं. ग्लास धुताना सुवासिक साबण टाळा, गरम पाण्याने भरपूर खळखळा आणि उपडे घालून वाळवा. कपड्याने पुसलेत तर कपड्याचा वास लागेल.

पाण्याचं काय? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. त्याला वास तर आहेच, शिवाय ते व्हॅनिलीनशी रासायनिक क्रियाही करतं. झाकण न ठेवता दहा-पंधरा मिनिटं उकळून गार केलेलं पाणी चालेल, किंवा बाटलीबंद पाणी घ्या. मात्र एकदा निवडलं की पूर्ण चाचणीला तेच. बोअरचं पाणी किंवा शेततळ्याचं पाणी नको, कारण त्यात कधी कधी जिओस्मिन असतं. पहिल्या पावसात मातीला येणारा वास मुख्यतः याच रेणूचा, आणि एका लिटरमागे पाच-दहा नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा हिस्सा पाच-दहा वेळा, एवढ्यावर तो माणसाला कळतो. ज्या पाण्याला मातकट वास आहे त्यात दुसऱ्या कशाचाही उंबरठा मोजता येत नाही.

द्रावणं बनवणं

व्हॅनिलीनपासून सुरुवात करा. १.०० ग्रॅम पूड थोड्या कोमट पाण्यात विरघळवा आणि पाणी घालून बरोबर १ लिटर करा. हे द्रावण ‘अ’. त्यातलं १० मिली सिरिंजने घ्या, पाण्याने १ लिटर करा, हे ‘ब’. ‘ब’मधलं १०० मिली घ्या, पुन्हा १ लिटर करा, हे ‘क’. आता ‘क’मध्ये एका लिटरमागे १ मिलिग्रॅम, म्हणजेच १००० मायक्रोग्रॅम व्हॅनिलीन आहे. थेट १ मिलिग्रॅम वजन करायचा मोह टाळा. छोट्या काट्यावर तेवढं वजन खरं येतच नाही. एक ग्रॅम नीट मोजून टप्प्याटप्प्याने पातळ करणं हाच खात्रीचा मार्ग.

‘क’ ही सर्वांत तीव्र पायरी. त्यातलं १०० मिली घेऊन २०० मिली पाण्यात मिसळा, म्हणजे तिसरा हिस्सा झाला. त्यातून पुन्हा १०० मिली, पुन्हा २०० मिली पाणी. असं पाच वेळा केलं की सहा पायऱ्या मिळतात: लिटरमागे १०००, ३३३, १११, ३७, १२ आणि ४ मायक्रोग्रॅम. प्रत्येक पायरीला सिरिंज आणि मोजपात्र धुऊन घ्या. वरच्या पायरीचा एक थेंब खालच्या पायरीत गेला की खालचा आकडा खोटा ठरतो.

व्हिनेगरचं गणित सोपं आहे. ४ टक्के म्हणजे लिटरमागे ४० ग्रॅम. त्यातलं २५ मिली घेऊन पाण्याने १ लिटर केलं की लिटरमागे १ ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम. तिथून पुढे तीच तिपटीची उतरंड: १०००, ३३३, १११, ३७, १२, ४. आकडे मुद्दाम सारखे ठेवले आहेत. फरक एवढाच, की इथे मिलिग्रॅम आहेत आणि व्हॅनिलीनला मायक्रोग्रॅम. दोन्ही चाचण्यांत तुम्ही साधारण त्याच पायरीवर अडखळलात, तर मधलं अंतर हजार पटींचं आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

हुंगायची रीत

प्रत्येक पायरीला तीन ग्लास. दोघांत ५० मिली साधं पाणी, एकात ५० मिली द्रावण. तिन्ही फॉइलने झाका आणि अर्धा तास तसेच राहू द्या. पाण्यावरच्या हवेत वास जमायला वेळ लागतो, व्हॅनिलीनला तर जास्तच. द्रावणाचा ग्लास कोणत्या जागी ठेवायचा हे दुसऱ्या माणसाने ठरवायचं, आणि तेही मनाने नाही. ल्युडोचा फासा टाका. १-२ पडले तर डावीकडे, ३-४ मध्ये, ५-६ उजवीकडे. माणसं स्वतःहून जागा निवडायला गेली की मधली जागा जास्त वेळा येते आणि हुंगणाऱ्याला ते लवकर उमगतं.

सुरुवात नेहमी सर्वांत फिक्या पायरीपासून. फॉइल कडेने थोडं उचला, दोन छोटे हुंगे घ्या, लगेच झाका. मग अर्धा मिनिट थांबून पुढचा ग्लास. तिन्ही झाल्यावर एकाचं नाव द्यायचंच. ‘कळत नाही’ हे उत्तर घ्यायचं नाही, वाटल्यास अंदाजाने सांगा. सक्तीचं कारण असं, की काही जण स्वभावाने भिडस्त असतात, नाकाला कळलेलं असूनही ‘नाही बुवा’ म्हणतात. काहींना साध्या पाण्यातही वास येतो. तीनांतून एक निवडायला लावलं की स्वभाव बाजूला पडतो आणि नाक उरतं. उत्तराच्या शेजारी कशाचा वास वाटला तेही लिहा. ओळखीचा उंबरठा त्यातून कळेल.

चाचणीआधी तासभर चहा, तंबाखू, मसाल्याचं जेवण नको. अत्तर किंवा हँडवॉश लावून बसू नका. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यातून थेट आलेल्या माणसालाही त्या दिवशी बसवू नका. यार्डात शिरताना हळदीचा वास अंगावर येतो आणि थोड्या वेळाने कळेनासा होतो, तो हवेतून गेलेला नसतो, नाक त्याला सरावलेलं असतं. तेच चाचणीतही होतं. एक ग्लास पाच-सहा वेळा हुंगलात तर शेवटी तिन्ही सारखे वाटतात. दोन पायऱ्यांमध्ये दोन मिनिटं मोकळ्या हवेत जा. व्हॅनिलीन आणि व्हिनेगर एकाच दिवशी करू नका, हे बरं.

हिशेब

समजा, एका व्यक्तीची व्हॅनिलीनची उत्तरं अशी आली: ४ ला चूक, १२ ला बरोबर, ३७ ला चूक, १११ ला बरोबर, ३३३ ला बरोबर, १००० ला बरोबर. १२ चं बरोबर उत्तर धरायचं का? नाही. तीनांतून एक निवडताना डोळे मिटून सांगितलं तरी सरासरी दर तिसऱ्या खेपेला बरोबर येतं, आणि पुढच्या, म्हणजे तिप्पट तीव्र पायरीला ती चुकली आहे. शेवटची चूक ३७ ला, तिथून पुढे सलग बरोबर. म्हणून उंबरठा ३७ आणि १११ यांच्या मध्ये कुठेतरी. पायऱ्या पटींच्या असल्याने मध्यही पटींचा घ्यायचा: दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ.

```
√(37 × 111) = √4107 ≈ 64
```

या व्यक्तीचा उंबरठा लिटरमागे सुमारे ६४ मायक्रोग्रॅम. घरातल्या पाच जणांचे आकडे समजा ६४, २१, ६४, १९२, ६४ असे आले, तर गटाचा आकडा काढतानाही पाचांचा गुणाकार करून पाचवं मूळ घ्या. ते ६४ येतं. नेहमीची सरासरी काढली असती तर ८१ आली असती, कारण एकच कमी संवेदनशील नाक ती वर ओढतं. पाण्यातल्या व्हॅनिलीनसाठी संशोधकांनी नोंदवलेले आकडे साधारण २० ते २०० मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे तुमचा गट तिथे बसला तर रीत बरोबर जमली असं समजा. ॲसेटिक ॲसिडचा आकडा बहुतेकदा लिटरमागे दहा ते शंभर मिलिग्रॅमच्या मध्ये येतो.

सगळ्यांनी सर्वांत फिकी पायरीही बरोबर सांगितली तर ताबडतोब आनंदू नका. बहुधा ग्लास नीट धुतले गेलेले नाहीत, किंवा द्रावणाचा ग्लास दिसायला वेगळा आहे. ते तपासा, मग खाली आणखी दोन पायऱ्या जोडा. एखाद्याला १००० लाही काही कळलं नाही तर आधी सर्दी विचारा. सर्दी नसेल तर एकाच रेणूबद्दल नाक आंधळं असणं ही खरी गोष्ट आहे. बीटा-आयोनोन हा व्हायलेट फुलांचा रेणू काहींना अगदी लेशमात्र कळतो आणि काहींना त्याच्या कित्येक पट मात्राही नीट कळत नाही. यातला बराचसा फरक OR5A1 नावाच्या एका जनुकातल्या बदलामुळे पडतो.

मग व्हिनेगर मागे का पडतं

पहिला अंदाज असा असतो, की जो पदार्थ पटकन उडतो तो लवकर कळणार. उडणं गरजेचं आहे हे खरं, हवेत न आलेला रेणू नाकात जाणारच नाही. पण आपल्या चाचणीने नेमका हाच अंदाज मोडला. ॲसेटिक ॲसिड ११८ अंशांना उकळतं, व्हॅनिलीन २८५ च्या आसपास. पाण्यातून हवेत यायला व्हॅनिलीन कितीतरी जास्त आळशी आहे. म्हणजे नाकापर्यंत पोचलेल्या हवेत व्हॅनिलीनचे रेणू मोजले तर हजार पटींचा तो फरक आणखीच वाढेल. कमी पोचूनही तो कळतो, तेव्हा कारण नाकाच्या आत शोधायला हवं.

नाकाच्या वरच्या भागात ओलसर पापुद्र्यावर गंधपेशी असतात आणि त्यांच्यावर रेणू पकडणारी प्रथिनं, म्हणजे ग्राही. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी या ग्राहींची जनुकं १९९१ मध्ये दाखवली, २००४ चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं. माणसात अशी कामाची सुमारे ४०० जनुकं आहेत. रेणू ग्राहीत किती घट्ट बसतो आणि किती वेळ टिकतो यावर उंबरठा बराचसा ठरतो. ॲसेटिक ॲसिडसारख्या चिमुकल्या रेणूला धरायला जागाच थोडी. व्हॅनिलीन मोठा आहे, त्याला धरता येण्याजोगे कोपरे जास्त. मोठा तो जिंकला असा सरळ नियम मात्र करू नका. फार मोठे रेणू उडतच नाहीत.

हे फक्त आकाराचं नाही, नेमक्या घडणीचं आहे, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आपल्याकडच्या बऱ्याचशा पुदिन्यात कार्व्होन नावाचा रेणू असतो आणि बाळंतशेपेतही कार्व्होनच. दोन्हींतले अणू तेच, जोडणी तीच, उत्कलनबिंदू तोच. फक्त डाव्या-उजव्या चपलेसारखे ते एकमेकांचे आरशातले रूप आहेत. पुदिन्याकडचा कार्व्होन पाण्यात लिटरमागे साधारण २ मायक्रोग्रॅमला कळतो, शेपेकडचा ८५ ते १३० ला. उडण्यात काडीचा फरक नसताना उंबरठ्यात पन्नासेक पटींचा फरक, आणि वासही वेगळा. ग्राही एका रूपाला धरतात तसे दुसऱ्याला धरत नाहीत, एवढंच त्याचं स्पष्टीकरण उरतं.

गंधकाची गोष्ट आणखी टोकाची. अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, पाण्यात लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम झाल्यावर जेमतेम कळतं. त्या रेणूतला ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवला की इथाइल मरकॅप्टन होतं, घरच्या गॅस सिलिंडरला ज्याचा वास दिलेला असतो तेच. ते लिटरमागे सुमारे १ मायक्रोग्रॅमला कळतं, लाखभर पटींनी कमी. यातला काही भाग उडण्याचा आहे, कारण मरकॅप्टन पाण्यात टिकत नाही. पण थेट हवेत मोजलं तरी फरक दहा हजार पटींच्या वरच राहतो. अशा काही गंधकयुक्त रेणूंना धरणाऱ्या ग्राहीत तांब्याचे आयन मदत करतात असं प्रयोगांत दिसलं आहे. गॅस स्वतः जवळजवळ बिनवासाचा. हवेत तो पेट घेण्याजोगा होण्याच्या खूप आधी, त्या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यालाच, वास यायला हवा या हिशेबाने मरकॅप्टन घातलं जातं. इथे लहान उंबरठा थेट कामाला येतो. (घरी ही चाचणी करायची नाही, हे लिहायची गरज पडू नये.)

राहिला प्रश्न, की व्हिनेगर इतकं तिखट का वाटतं. बाटलीतलं व्हिनेगर त्याच्या उंबरठ्याच्या शेकडो पट तीव्र असतं, आणि त्या मात्रेला नाकात जे चुरचुरतं ते गंधपेशींचं काम नसतंच. ती चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेची टोचणी, मिरचीची धग किंवा कांद्याची झोंबणी जिच्यातून कळते तीच. मान मागे जाते ती या नसेमुळे. नवखी माणसं ही टोचणी वासात धरतात आणि म्हणून पैज हरतात.

आकडा कुठे लावायचा

पदार्थात एखादा रेणू किती आहे, भागिले त्याचा उंबरठा, एवढं केलं की वासात त्याचा वाटा किती असेल याचा पहिला अंदाज येतो. आंबेमोहर किंवा बासमती शिजताना जो वास घरभर जातो त्यामागचा मुख्य रेणू २-ॲसिटाइल-१-पायरोलिन. त्याचा पाण्यातला उंबरठा लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम. बटरी नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुवासिक तांदळात तो किलोमागे साधारण ४० ते ९० मायक्रोग्रॅम मोजला, साध्या तांदळात ६ ते ८. भागाकार केला तर सुवासिक तांदूळ उंबरठ्याच्या ४०० ते ९०० पट वर, साधा ६० ते ८० पट वर. म्हणजे साध्या भातातही तो आहे आणि कळतोही, म्हणून तर ताज्या भाताला ‘भाताचा’ वास येतो. भातात हेक्झानल नावाचा हिरवट, जुनाट वासाचा रेणूही असतो, त्याचा उंबरठा ५ मायक्रोग्रॅमच्या जवळ, पन्नास पट मोठा. पण तांदूळ जुना होताना हेक्झानल वाढत जातं आणि पायरोलिन उडत जातं. शिराळ्याकडून आणलेला सुवासिक तांदूळ उघड्या पोत्यात राहिला की काही महिन्यांनी त्याचा सुवास का बसतो, ते या दोन आकड्यांच्या भागाकारातून दिसतं.

हा भागाकार वापरताना दोन ठिकाणी सांभाळा. एक म्हणजे, ९०० पट याचा अर्थ ९०० पट जोरात वास असा नाही. उंबरठ्याच्या वर गेल्यावर वासाची तीव्रता मात्रेच्या मानाने फार हळू वाढते. शिऱ्यात व्हॅनिला दुप्पट घातलात तरी वास दुप्पट होत नाही, कडवटपणा मात्र येऊ लागतो. दुसरं म्हणजे, माध्यम. हेक्झानल पाण्यात ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास कळतं, तेलात ३०० च्या आसपास. तेल त्याला धरून ठेवतं, हवेत सोडत नाही. म्हणून शेंगदाण्याचं तेल खवट लागायला लागेपर्यंत त्यात हेक्झानल बरंच साठलेलं असतं. व्हिनेगरचंही तसंच. त्यात फसफसणं थांबेपर्यंत खाण्याचा सोडा टाका, वास जवळपास जाईल, कारण ॲसिड उडतं, त्याचा क्षार उडत नाही. कंदी पेढ्यात व्हॅनिलीन किती कळेल हे पाण्यातल्या ६४ वरून सांगू नका. पेढ्यातलं तूप आणि दुधाची प्रथिनं दोन्ही ते धरून ठेवतात. दुधात हीच सहा पायऱ्यांची चाचणी लावा, साध्या पाण्याच्या ग्लासांऐवजी साध्या दुधाचे ग्लास ठेवा, आणि वरच्या बाजूला लिटरमागे ३००० मायक्रोग्रॅमची एक पायरी वाढवून घ्या.

वहीत आकडा लिहिताना पदार्थ, माध्यम, खोलीचं तापमान, माणसं किती होती, फरक कळण्याचा उंबरठा की ओळखीचा, आणि तीन ग्लासांची रीत वापरली हे सगळं एकाच ओळीत लिहा. ‘व्हॅनिलीन, ६४’ एवढंच लिहिलेली ओळ महिन्याभराने तुम्हालाही वापरता येणार नाही.